इनहिबिटर कोणत्या प्रकारचा, हे वाय-अक्षाजवळ कळतं: माझा अनुभव

अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम आणि पीएनपीपी हा त्याचा सबस्ट्रेट, ही जोडी मी लाइनवीव्हर-बर्क आलेखाच्या, म्हणजे 1/[S] समोर 1/v मांडण्याच्या, सरावासाठी घेतो. पिवळा रंग ४०५ नॅनोमीटरवर थेट मोजता येतो आणि अकार्बनी फॉस्फेट हा तिथला सरळसरळ कॉम्पिटिटिव्ह इनहिबिटर आहे. पुढचे आकडे हिशोब सोपा व्हावा म्हणून गोळाबेरीज घेतले आहेत.

समजा Km ०.५ मिलिमोलर आहे आणि Vmax मिनिटाला २० मायक्रोमोलर. मग वेग v आणि सबस्ट्रेटचं प्रमाण [S] धरून आलेखावर इनहिबिटरशिवायची रेषा अशी येते:

```
1/v = 0.05 + 0.025 × (1/[S])
```

ही रेषा वाय-अक्षाला ०.०५ वर आणि एक्स-अक्षाला −२ वर छेदते. १ मिलिमोलर कॉम्पिटिटिव्ह इनहिबिटर घातल्यावर चढ दुप्पट, म्हणजे ०.०५ झाला, पण वाय-अक्षावरचा छेद ०.०५ च राहिला, तर एक्स-अक्षावरचा छेद −१ वर सरकतो. चढ दुप्पट झाला म्हणून Ki १ मिलिमोलर. तितक्याच जोराचा नॉनकॉम्पिटिटिव्ह असेल तर चढ तेवढाच वाढतो, मात्र वाय-अक्षावरचा छेद ०.१० वर जातो आणि −२ जागचा हलत नाही.

चढ दोन्हीकडे दुप्पटच होतो, म्हणून नुसती तिरकी झालेली रेषा पाहून निकाल देऊ नये. ०.२ मिलिमोलर सबस्ट्रेटला वेग ३.३ आणि २.९ येतात, हा फरक पिपेटच्या चुकीत सहज बुडतो. २ मिलिमोलरला मात्र तेच आकडे १३.३ आणि ८ होतात. म्हणून मी ०.२ पासून ५ मिलिमोलरपर्यंत सबस्ट्रेट घेतो, म्हणजे Km च्या दहापट वरपर्यंत.

खरी फसगत डाव्या नव्हे, उजव्या टोकाला होते. तिथे वेग कमी, त्यामुळे व्यस्त संख्या मोठी, आणि चूकही फुगते. इनहिबिटर नसताना ०.२ मिलिमोलरला वेग ५.७ ऐवजी ५.१ वाचला तर 1/v ०.१७५ वरून ०.१९६ वर जातो. तेवढीच ०.६ ची चूक २ मिलिमोलरला, १६ च्या वेगावर झाली, तर ०.००२४ चाच फरक पडतो. एकच उचललेला उजवा बिंदू साधी फिट केलेली रेषा तिरकी करून वाय-अक्षावरचा छेद खाली ओढतो. मग नॉनकॉम्पिटिटिव्हही कॉम्पिटिटिव्हसारखा दिसू लागतो. ही चूक बहुधा वेळेतून येते: पाच मिनिटं थांबलं तर ०.२ मिलिमोलरमधला चौदा टक्क्यांच्या आसपास सबस्ट्रेट संपलेला असतो, म्हणून मी पहिल्या मिनिटाचाच चढ घेतो. Km आणि Vmax साठी मी v आणि [S] वरच थेट वक्र बसवतो. लाइनवीव्हर-बर्क आलेख फक्त डोळ्यांनी पाहायला ठेवतो.

रेषा वाय-अक्षाच्या डावीकडे, पण एक्स-अक्षापासून दूर भेटल्या तर तो मिश्र प्रकार, आणि प्रत्यक्षात शुद्ध नॉनकॉम्पिटिटिव्हपेक्षा तोच जास्त भेटतो. छेद नेमका एक्स-अक्षावर आला तर आणखी एक तपासणी करतो. इनहिबिटर एन्झाइमला कायमचा चिकटून बसत असेल तरीही Vmax घटतो आणि Km तसाच राहतो. एन्झाइम व इनहिबिटर आधी एकत्र ठेवून मिश्रण शंभरपट पातळ करून पाहावं. वेग परतला तर इनहिबिटर सुटणारा, नाही परतला तर आलेखावरून नॉनकॉम्पिटिटिव्ह म्हणता येत नाही.