पोरगं अज्ञान, करार रद्द, पैसे बुडाले

“ताई, लेक्चरला सर सगळं मराठीत समजावतात आणि ते कळतंही. पण मी पेपर इंग्रजीत लिहिते. माझ्या मराठी नोट्सचं इंग्रजी करत बसते, सगळे मुद्दे घेते, तरी मार्क कापले जातात. काय करू?”

आधी भाषांतर थांबव. वर्गात उतरवून घेतलेली नोट म्हणजे सरांचं बोलणं, आणि बोलताना कायद्याचे दोन-तीन वेगळे परिणाम एकाच क्रियापदात सहज मावतात. वर्गात संदर्भ सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून तिथे काही अडत नाही. पेपर तपासणाऱ्यासमोर मात्र फक्त तुझं वाक्य असतं. त्यामुळे मराठी नोट आणि इंग्रजी उत्तर यांच्यामध्ये आणखी एक पायरी लागते. नोटमधलं वाक्य आधी मराठीतच सुटं करायचं, प्रत्येक तुकड्याचं कलम बेअर ॲक्टमध्ये, म्हणजे कायद्याच्या मूळ मजकुरात, शोधायचं आणि इंग्रजी शब्द त्या कलमातून घ्यायचे. डिक्शनरी त्यानंतर, आणि तीही साध्या शब्दांपुरती.

कोर्ट नाक्याजवळच्या अभ्यासिकेत सेमिस्टर जवळ आली की मुलंमुली वह्या घेऊन माझ्याकडे येतात. करार कायद्याच्या वहीत मोहोरी बीबीचा खटला असतोच, आणि त्याखाली बहुतेक वेळा याच अर्थाची एक ओळ असते: पोरगं अज्ञान, करार रद्द, पैसे बुडाले. वर्गासाठी ही ओळ उत्तम आहे. खटला यातून आयुष्यभर लक्षात राहतो. आपण हीच ओळ इंग्रजी पेपरापर्यंत नेऊन पाहू.

आधी घटना. १८९५ साली कलकत्त्यात धर्मोदास घोष नावाच्या अज्ञान, म्हणजे कायद्याने अजून वयात न आलेल्या, मुलाने आपली घरं ब्रह्मो दत्त या सावकाराकडे वीस हजार रुपयांच्या कर्जासाठी गहाण टाकली. सावकार तेव्हा कलकत्त्यात नव्हता. व्यवहार त्याच्या वतीने केदारनाथ नावाचा वकील पाहत होता. मुलगा अज्ञान असल्याचं मुलाच्या आईने या वकिलाला आधीच पत्राने कळवलं होतं. तरीही मुलाकडून ‘मी सज्ञान आहे’ असं लिहून घेऊन गहाणखत झालं. पुढे आईमार्फत मुलाने दावा लावला की हे गहाणखत बेकायदा ठरवून रद्द करावं. दरम्यान सावकार वारला, म्हणून त्याच्या जागी अपील चालवणाऱ्या मोहोरी बीबीचं नाव खटल्यावर आलं. प्रिव्ही कौन्सिल हे तेव्हा इथल्या खटल्यांसाठी लंडनमधलं शेवटचं अपील कोर्ट होतं; त्याने १९०३ मध्ये निकाल मुलाच्या बाजूने दिला.

आता ‘करार रद्द’ घे आणि त्याला दोन प्रश्न विचार. कोणी रद्द केला? आणि कधीपासून? हे प्रश्न विचारले नाहीत, तर पेपरात ‘द कोर्ट कॅन्सल्ड द काँट्रॅक्ट’ असं वाक्य येतं. मराठीत ते खटकत नाही, पण इंग्रजीत त्याचा अर्थ असा होतो की एक चांगला, चालू करार होता आणि कोर्टाने तो मोडला. निकाल नेमका याच्या उलट आहे. करार कधी जन्मलाच नव्हता.

बेअर ॲक्टमध्ये १८७२ च्या करार कायद्याचं कलम २ उघड. आपण ज्याला बोलताना सरसकट ‘रद्द’ म्हणतो, त्याच्या तिथे तीन जागा आहेत. खंड जी म्हणतो की जे ॲग्रीमेंट कायद्याने अमलात आणता येत नाही ते व्हॉइड. खंड आय मध्ये व्हॉइडेबल आहे, म्हणजे एका बाजूच्या मर्जीवर अमलात येतं, दुसऱ्या बाजूच्या मर्जीवर नाही. धमकावून सही घेतली तर कलम १९ तिथेच नेतं. ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याने ठरवायचं, करार ठेवायचा की मोडायचा. खंड जे मध्ये आधी चांगला असलेला करार नंतर अमलात आणण्याजोगा राहत नाही आणि तेव्हापासून व्हॉइड होतो. तुझ्या वहीत या तिन्ही ठिकाणी ‘रद्द’ लिहिलेलं असणार. म्हणून लेक्चर संपल्यावर त्याच संध्याकाळी, सरांचा आवाज कानात असतानाच, प्रत्येक ‘रद्द’समोर समासात जी, आय किंवा जे एवढं एक अक्षर लिहून ठेव. आठवड्याने लिहायला बसलीस तर सर कशाबद्दल बोलत होते ते आठवणार नाही, आणि तो अंदाज चुकू शकतो.

आपल्या खटल्यात ते अक्षर जी. हा फरकच या निकालाचा गाभा आहे, कारण त्याआधी अज्ञानाचा करार व्हॉइड की व्हॉइडेबल, यावर इथल्या कोर्टांमध्ये एकमत नव्हतं. प्रिव्ही कौन्सिलने कलम १० आणि ११ एकत्र वाचून म्हटलं की कराराला सक्षम पक्ष लागतात, अज्ञान व्यक्ती सक्षम नाही, म्हणून तिचा करार व्हॉइड. ज्याने उत्तरात ‘कॅन्सल्ड’ लिहिलं, त्याने खटला नीट सांगूनही हा मुद्दा गमावला.

याच ओळीत आणखी एक शब्द सांभाळायचा आहे. खंड एच सांगतो की कायद्याने अमलात आणता येणारं ॲग्रीमेंट म्हणजे काँट्रॅक्ट. मग अज्ञानाच्या बाबतीत ‘काँट्रॅक्ट’ लिहिणं म्हणजे जे सिद्ध करायचं आहे त्याच्या विरुद्ध लिहिणं. इथे ‘मायनर्स ॲग्रीमेंट’च हवं. ‘कॅन्सल’ हा शब्दही टाकून देऊ नकोस, फक्त योग्य जागी ठेव. रद्द व्हायचा होता तो कागद, म्हणजे गहाणखत. ॲग्रीमेंट व्हॉइड, दस्त कॅन्सल. एवढं वेगळं लिहिलंस की परीक्षकाला लगेच दिसतं की तुला खटला समजला आहे.

दुसरा तुकडा बहुतेक वह्यांमध्ये अर्धाच असतो: ‘वय खोटं सांगितलं तरी चालतं.’ याचं सरळ इंग्रजी केलंस तर तो एक व्यापक नियम होतो, आणि प्रिव्ही कौन्सिलने तेवढा व्यापक नियम या खटल्यात सांगितला नाही. सावकाराच्या बाजूचं म्हणणं होतं की मुलाने स्वतःच सज्ञान असल्याचं लिहून दिलं, आता त्याला मागे फिरता येणार नाही. हा एस्टॉपेलचा मुद्दा, तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ११५ खालचा. उत्तर असं मिळालं की ज्याला खरी परिस्थिती माहीत आहे आणि ज्याची फसगत झालेली नाही, त्याला हे कलम लागू होत नाही. केदारनाथला माहीत होतं, आणि एजंटला जे माहीत ते मालकाला माहीत असं धरलं गेलं. म्हणून तुझ्या इंग्रजी वाक्यात ‘बिकॉज द लेंडर्स एजंट न्यू द ट्रू फॅक्ट्स’ हा भाग आलाच पाहिजे. वर्गात बोलताना सर कारण आधी सांगून गेलेले असतात, नियम नंतर येतो आणि वहीत फक्त नियम उतरतो. म्हणून प्रत्येक नियमापुढे ‘का?’ लिहून त्याखाली दोन ओळी मोकळ्या सोड.

तिथेच आणखी एक गोष्ट तपास. कोण बोलतंय? नोटमध्ये ‘म्हणाले’ हे एकच क्रियापद पक्षकारालाही असतं आणि न्यायाधीशांनाही. पेपरात पक्षकार ‘कंटेंडेड’ आणि कोर्ट ‘हेल्ड’. वकिलाचा युक्तिवाद ‘हेल्ड’ म्हणून लिहिला गेला तर निकालच उलटा होतो, आणि असं झालेलं मी अनेक वह्यांत पाहिलंय.

आता ‘पैसे बुडाले’. हा तुकडा सगळ्यात अवघड, कारण मराठीत कर्ता सांगावा लागत नाही. कोणाचे पैसे, कोणी द्यायचे होते, कुठल्या कलमाखाली मागितले, यातलं काहीच त्यात नाही. इंग्रजीत ‘द मनी वॉज लॉस्ट’ लिहिलं तर कायद्याचा एकही शब्द येत नाही. सुटं केल्यावर असं दिसतं: सावकाराने कलम ६४ आणि ६५ खाली मिळालेला फायदा परत मागितला. कौन्सिल म्हणालं की ही कलमं करार करायला सक्षम असलेल्या पक्षांना धरून चालतात, त्यामुळे जिथे करार होऊच शकत नव्हता तिथे ती लागू नाहीत. म्हणजे कर्ता मिळाला, कलम मिळालं आणि कारणही मिळालं.

पण इथे थांबून ‘मायनर नेव्हर हॅज टू रिपे’ लिहू नकोस. ‘नेव्हर’ आणि ‘ऑल्वेज’ हे शब्द बोलण्यातून आपोआप येतात, आणि कायद्यात त्यांना बहुतेक वेळा अपवाद सापडतो. इथले अपवाद समोरच आहेत. एक, १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम ३३. त्याखाली अज्ञानाला किंवा त्याच्या मालमत्तेला जेवढा फायदा झाला, तेवढा परत करायला कोर्ट सांगू शकतं. दुसरा, करार कायद्याचं कलम ६८, गरजेच्या वस्तूंबद्दलचं. दुकानदाराने अज्ञानाला त्याच्या परिस्थितीला साजेशा गरजेच्या वस्तू दिल्या, तर त्याला भरपाई मिळते, पण अज्ञानाच्या मालमत्तेतून. ‘मायनर इज लायेबल’ लिहिलंस तर ती त्याची वैयक्तिक जबाबदारी झाली, आणि कलमात तसं नाही. ‘फ्रॉम द प्रॉपर्टी’ हे तीन शब्द म्हणूनच सोडता येत नाहीत.

आता सगळं एकत्र लिही. वाक्यं छोटी असू देत, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि खटल्याचं वर्ष नावासोबत. पहिलं वाक्य नियमाचं: ‘अ मायनर्स ॲग्रीमेंट इज व्हॉइड, नॉट मियरली व्हॉइडेबल.’ मग कलम १० आणि ११. मग घटना तीन ओळींत, कारण सगळी गोष्ट सांगण्यात पेपरातला वेळ जातो. मग सावकाराचे दोन युक्तिवाद ‘कंटेंडेड’ने, आणि त्याच क्रमाने कौन्सिलची दोन उत्तरं ‘हेल्ड’ने. शेवटी दोन अपवाद, आणि कलम ६८ त्याच्याच शब्दांत.

लिहून झालं की वही बंद कर आणि ते इंग्रजी उत्तर मैत्रिणीला मराठीत तोंडी सांग. तिने कायदा शिकलेला नसला तर आणखी चांगलं. तिला एकच सांगायचं: ‘कोणी?’, ‘कधीपासून?’, ‘का?’ एवढंच विचारत राहा. ज्या वाक्यावर तू अडखळशील, ते वाक्य नोटमधून जसंच्या तसं आलेलं आहे असं समज आणि त्याच्यापुरतं पुन्हा बेअर ॲक्ट उघड. ठाण्याच्या कोर्टात आपलं बरंचसं काम मराठीत चालतं, पण हायकोर्टाचं कामकाज घटनेच्या कलम ३४८ प्रमाणे इंग्रजीत. त्यामुळे समासातली ही अक्षरं तुला पदवीनंतरही लागतील, वह्या रद्दीत देऊ नकोस.