सारख्या सूचना, एक मथळा

"माहितीपुस्तिकेत त्याच त्या सूचना प्रत्येक प्रकरणात येतात. त्या एका मथळ्याखाली आणल्या तर चालेल का? काही गळलं नाही हे कसं ओळखायचं?"

मथळा खालच्या प्रत्येक ओळीला जोडून वाचून बघा. मूळची सूचना जशीच्या तशी परत मिळाली पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही. या 'जास्त'कडे बहुतेकांचं लक्षच नसतं.

समजा, लेझर प्रिंटरची पुस्तिका आहे. अडकलेला कागद काढण्यापूर्वी मशीन बंद करून प्लग काढायचा, असं लिहिलंय. आतून पुसण्यापूर्वी आणि फ्यूजर, म्हणजे उष्णतेने टोनरची पूड कागदावर पक्की करणारा भाग, बदलण्यापूर्वीही तेच. शिवाय तिन्ही ठिकाणी फ्यूजर निवेपर्यंत थांबायचं. टोनर बदलण्याच्या प्रकरणात यातलं काहीच नाही. पाहताक्षणी वाटतं की 'झाकण उघडण्यापूर्वी: मशीन बंद करा, प्लग काढा, निवू द्या' असा मथळा करून चारही कामं त्याखाली घालावीत. आता जोडून वाचा. टोनर बदलतानाही मशीन बंद ठेवा, असं होतं. पण या मॉडेलमध्ये टोनर मशीन चालू असतानाच बदलायचा असतो, नाहीतर नवा टोनर बसवल्याची नोंद होत नाही. ओळ एकही गळली नाही, तरी सूचना चुकली.

म्हणून मी आधी तक्ता करते. केव्हा, काय करायचं, किती वेळ, कशासाठी, असे रकाने. ज्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच उत्तर आहे, तेवढंच मथळ्यात जातं. रिकामं घर म्हणजे 'बाकीच्यांसारखंच' असं कधीही धरू नये. ते मुद्दाम रिकामं आहे की लिहायचं राहिलंय, हे मशीन जाणणाऱ्यालाच विचारावं लागतं.

टोनर सांडण्याच्या सूचना तर जुळ्या वाटतात. हाताला लागला तर साबण आणि थंड पाण्याने धुवा. कपड्यावर सांडला तर आधी कोरडाच झटका, मग थंड पाण्याने धुवा. दोन्हींत समान आहे ते फक्त थंड पाणी, कारण उष्णतेने टोनर मऊ होऊन चिकटतो. तेवढं कारणासकट वर न्यावं. साबण आणि झटकणं आपापल्या ओळीत राहू द्यावं. दोन्ही मिळून 'योग्य प्रकारे स्वच्छ करा' असं कोणी लिहिलं, तर तिथे काहीतरी गळलंय हे नक्की. 'योग्य', 'आवश्यकतेनुसार', 'इत्यादी' हे शब्द मथळ्यात दिसले की मी मूळ यादी पुन्हा काढून बसते.

तक्ता बरोबर जुळला तरी प्लगची सूचना मात्र मी एकत्र करत नाही. कागद अडकलेला माणूस पुस्तिका पहिल्या पानापासून वाचत नाही. तो थेट त्याच पानावर येतो, आणि तेव्हा त्याचा हात झाकणावर असतो.