क्लाउड चेंबर, भाग ५: ६ अँपिअर दिले आणि प्लेट गरम झाली

मागच्या वेळी सांगितलं होतं तसा करंट लिमिट असलेला पॉवर सप्लाय अखेर आला. चेंबरची प्लेट थंड करणारा पेल्टिअर मॉड्यूल इतके दिवस सरळ १२ व्होल्टवर चालवत होतो. तो सव्वाचारच्या आसपास अँपिअर घ्यायचा आणि प्लेट उणे ११-१२ वर अडायची. मॉड्यूलच्या TEC1-12706 या नावातला शेवटचा 06 म्हणजे ६ अँपिअर, मग आपण त्याला उपाशी ठेवतोय असं मनाशी ठरवून टाकलं होतं. शनिवारी रात्री नॉब फिरवला आणि पूर्ण ६ अँपिअर दिले.

पहिली दोन मिनिटं काय मजा! थर्मोकपल भराभर उणे १६ पर्यंत उतरला. घरच्यांना हाक मारून दाखवलं. ते येऊन बघेपर्यंत आकडा उणे १४ झाला, मग १२, आणि वीस मिनिटांनी उणे ८ वर स्थिर. म्हणजे वीज जवळजवळ दुप्पट आणि थंडी आधीपेक्षा कमी. हीटसिंक मात्र ६० अंशांवर.

चिडून नॉब परत ४ वर आणला, तर प्लेट आणखी तापून उणे २ ला आली. इथेच बहुतेक जण मॉड्यूल गेला म्हणून फेकतात. मी चहा करायला गेलो म्हणून वाचलो. पाऊण तासाने बघतो तर उणे ११. हीटसिंकचा ॲल्युमिनियमचा गोळा निवायला वेळ लागतो आणि तोवर दिसणारा आकडा खोटा असतो. तेव्हा एका करंटवर किमान वीस मिनिटं थांबल्याशिवाय वहीत काही लिहायचं नाही, हा नियम करून टाकला.

रविवारी हिशेबाला बसलो. थंड बाजूचा ताळेबंद असा:

```
Qc = α·I·Tc − ½·I²·R − K·(Th − Tc)
```

Qc म्हणजे प्लेटवरून प्रत्यक्षात उचलली जाणारी उष्णता. उजवीकडचं पहिलं पद म्हणजे पेल्टिअर परिणामाने खेचलेली उष्णता. दुसरं म्हणजे मॉड्यूलच्या आत करंटमुळे तयार होणारी उष्णता; तिचा निम्मा वाटा थंड बाजूकडे येतो. तिसरं म्हणजे गरम बाजूकडून मॉड्यूलमधल्या अर्धवाहक दाण्यांमधून मागे झिरपणारी उष्णता. Tc आणि Th ही थंड आणि गरम बाजूची तापमानं, ती केल्व्हिनमध्ये घ्यायची, नाहीतर सगळंच चुकतं. (माझी पहिली दोन पानं अशीच गेली.)

α, R आणि K हे तीन स्थिरांक डेटाशीटमधून न घेता घरीच काढले, आणि हा प्रयोग मला सगळ्यात आवडला. ४ अँपिअरवर सगळं स्थिर झालं की मॉड्यूलवर १०.८ व्होल्ट दिसतात. एक वायर पटकन काढायची आणि त्याच क्षणी मल्टिमीटर बघायचा: २.८ व्होल्ट! सप्लाय सुटलाय, तरी ५७ अंशांच्या फरकावर मॉड्यूल स्वतःच वीज बनवतोय. २.८ ला ५७ ने भागलं की α साधारण ०.०५ व्होल्ट प्रति केल्व्हिन. उरलेले ८ व्होल्ट भागिले ४ अँपिअर, म्हणजे R झाला २ ओहम. K साठी प्लेटवर १८ ओहमचा सिमेंट रेझिस्टर चिकटवून त्याला १२ व्होल्ट दिले होते, म्हणजे ८ वॉटचा ठाऊक असलेला भार. वरून थर्मोकोल. बाकी सगळं माहीत असल्याने K आपोआप निघतो, ०.५ वॉट प्रति केल्व्हिन. थर्मोकोलमधून येणारी गळतीही त्यातच धरली गेलीय, पण माझ्या कामाला एवढं पुरतं.

आता ४ अँपिअरवरचं चित्र बघा. पेल्टिअर ५२ वॉट खेचतो. त्यातले १६ आतल्या तापण्यात जातात, २८ मागे झिरपतात. हातात उरतात आपले ८. सहाव्या हिश्शाहूनही कमी!

६ अँपिअरवर सूत्रानुसार खेच ७९ वर जाते, म्हणजे २७ वॉटांची कमाई. पण तापणं १६ चं ३६ होतं, कारण तिथे करंटचा वर्ग आहे. उरलेले ७ वॉट मागे झिरपण्यात जातात, कारण हीटसिंक ४५ वरून ६० वर गेला. कमाई सगळी फस्त, आणि ताळेबंद जुळायला प्लेटलाच वर सरकावं लागतं. गणित उणे ९.८ सांगतं, मला उणे ८ मिळालं. तापल्यावर R सुद्धा वाढतो, तो मी २ च धरला होता.

मग ६ हा आकडा येतो कुठून? सूत्रात Th आणि Tc दोन्ही पक्के धरून सर्वांत जास्त Qc शोधला, तर I = α·Tc/R मिळतो, माझ्या आकड्यांनी साडेसहा. डेटाशीटचा कमाल करंटही याच जातीचा. तिथे गरम बाजू ठरलेल्या तापमानाला धरून ठेवलेली असते. आपल्याकडे हीटसिंक आहे, नदी नाही. माझा कूलर दर वॉटला ०.३ अंश तापतो (खोली ३० अंश). ते गणितात घातल्यावर सगळ्यात थंड बिंदू ४.७ अँपिअरला येतो, आणि तिथला आलेख ताटासारखा सपाट आहे. ४ वर उणे ११.४, ५ वर उणे १२.३. एका अंशापेक्षाही कमी फायद्यासाठी मॉड्यूल ४३ ऐवजी ६६ वॉट खाणार. मी ४ वर थांबलो. १२ व्होल्टला सरळ जोडून इतके दिवस नकळत बरोबरच वागत होतो, हे कबूल करायला जरा जड जातंय.

स्वस्तातला, दर वॉटला ०.६ अंश तापणारा हीटसिंक असेल तर सगळ्यात थंड बिंदू पावणेचारच्या आसपास सरकतो आणि प्लेट शून्यावरच अडते. तेव्हा पैसे हीटसिंकवर घाला. आणि बुधवार पेठेत मोटरसाठी मिळणारे PWM कंट्रोलर यासाठी घेऊ नका. निम्मा वेळ ८ अँपिअर आणि निम्मा वेळ शून्य, याची सरासरी ४ च येते, पण आतलं तापणं सरळ ४ च्या दुप्पट होतं. माझा तसा एक खोक्यात पडून आहे, हवा असेल त्याने घेऊन जावा.

पण अल्कोहोलच्या वाफेत किरणोत्सारी कणांच्या रेषा नीट दिसायला मला प्लेट उणे २५ च्या खाली हवी. एका मॉड्यूलने ते होत नाही, म्हणून दोन एकावर एक. ते सिरीजमध्ये जोडून दोघांना ४ अँपिअर देणार होतो, हे लिहिता लिहिता मोजून बघितलं. वरच्याची सगळी वीज खालच्याच्या डोक्यावर भार म्हणून येते, आणि ५ वॉट भाराला प्लेट उणे ९ लाच अडते. एकटा मॉड्यूल बरा! वरच्याला २ आणि खालच्याला ४ दिले तर तेच गणित उणे २९ देतं.

म्हणजे दोन वेगळे सप्लाय हवेत. वरच्याला ५.५ व्होल्ट पुरतील, त्यासाठी जुन्या लॅपटॉपचा चार्जर आणि करंट ठरवता येणारा बक कन्व्हर्टर काढून ठेवलाय. सिरीजसाठी सोल्डर केलेली वायर आत्ताच कापली. मधल्या जागेत थर्मल पेस्ट किती पातळ लावायची, यावर रविवारपर्यंत कोणी अनुभव सांगितला तर बरं होईल.