सोमवारी पहाटेचा खोटा अलर्ट कसा थांबवला

मिरज, तासगाव, विटा अशा गावांतल्या पाइप-मोटारीच्या दुकानांची आदल्या दिवसाची बिलं आमच्या सांगलीच्या ऑफिसात रोज पहाटे सव्वापाचला डेटाबेसमध्ये चढतात. एरवी दिवसाला ९,००० च्या आसपास नोंदी असतात, रविवारच्या जेमतेम १,१००. जुना नियम सरळ होता: मागच्या ७ दिवसांच्या सरासरीच्या निम्म्याखाली आकडा गेला की अलर्ट. सरासरी ७,८०० च्या पुढे, म्हणजे रविवार दर आठवड्याला नापास, आणि सोमवारी पहाटे माझा फोन वाजणार हे ठरलेलं.

"रविवारचा अलर्ट बंदच करून टाक ना," सर म्हणाले. मला ते पटेना. रविवारी खरंच काही बिघडलं तर कळणार कसं?

म्हणून वारानुसार बेसलाइन केली. रविवारची तुलना मागच्या ८ आठवड्यांतल्या रविवारांशीच, तीही मीडियन घेऊन. क्वेरी तासाभरात झाली. पुढच्या सोमवारी फोन पुन्हा वाजला!

इथे माझे चार दिवस गेले. रविवारचा मीडियन ५,०५० दिसत होता. कुठल्याच रविवारी एवढी बिलं होत नाहीत. शेवटी मीडियन बाजूला ठेवून त्यामागच्या नोंदी एकेक मोजल्या. आठ आठवड्यांत रविवारच्या नावावर १० रन! त्यांतले ५ साधारण १,१०० चे, ५ साधारण ९,००० चे.

वार मी रन सुरू झाल्याच्या वेळेवरून काढला होता आणि सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर. आपले पहाटेचे साडेपाच म्हणजे तिथली मध्यरात्र. रन सव्वापाचला निघाला तर तिथे अजून आदलाच दिवस. फाइल उशिरा आल्यामुळे पावणेसहाला निघाला तर तिथे वार बदललेला. त्यामुळे उशीर झालेले शनिवारचे रन रविवारच्या खात्यात बसले आणि रविवारचे काही सोमवारच्या. अर्धे आकडे परके असल्यावर मीडियनही वाचवत नाही. ही गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर किती बरं झालं असतं!

आता वार बिलाच्या स्वतःच्या तारखेवरून काढतो:

```sql
extract(isodow FROM bill_date)
```

यात रविवार ७ येतो. नुसतं `dow` लिहिलं तर ० येतो, तेवढं बघा. ज्या दिवसाची तपासणी चालू आहे तो दिवस बेसलाइनमध्ये धरू नका. दिवाळी-पाडव्यासारख्या सुट्ट्यांची यादी वेगळी ठेवा, कारण सुट्टीचा मंगळवार रविवारसारखाच दिसतो. आणि आधी सांगायला हवं होतं ते म्हणजे, प्रत्येक वाराच्या खात्यात ८ आठवड्यांचे ८ च दिवस आहेत ना, हे सगळ्यात आधी मोजा.

पुढचे पाच सोमवार फोन शांत होता. सहाव्या सोमवारी वाजला: रविवारच्या नोंदी १४०. बहुतेक दुकानांच्या फाइली आल्याच नव्हत्या. दुकानं उघडायच्या आत मी त्या परत मागवल्या आणि सरांना आकडा दाखवला.