आमची वाटचाल : कुंकवाच्या लालपासून मोरपंखीपर्यंत

लग्नं ठरवून पार पाडून देण्याचं काम आम्ही दोघी बहिणींनी सुरू केलं तेव्हा रंगाचा विचार पाच मिनिटांत उरकला होता. लग्न म्हणजे कुंकवाचा लाल आणि सोनेरी. पाटी, फाईल, व्हिजिटिंग कार्ड, सगळं त्याच रंगात. पहिली दीडेक वर्षं कुणी काही बोललं नाही. मग एक ख्रिस्ती ताई लेकीच्या लग्नासाठी आल्या. फाईल हातात घेऊन त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "तुम्ही आमच्याकडची लग्नं करता ना?" आम्ही हो म्हटलं, पण आमची फाईल आधीच नाही म्हणून गेली होती.

त्या प्रश्नाने आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. पांढरी शुभ्र फाईल, त्यावर बारीक काळी अक्षरं. पांढरा सगळ्यांना चालेल, असा आमचा हिशेब होता. ख्रिस्ती नवरी पांढरा गाऊन घालते, पारशी नवरी पांढरी साडी नेसते आणि महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत वधू-वर पांढऱ्या कपड्यांत उभे राहतात. हे सगळं खरंच आहे. पण एका घरी बैठकीत आजींनी ती फाईल उचलून बाजूच्या स्टुलावर पालथी ठेवली आणि नातीला म्हणाल्या, "आधी हिच्यावर कुंकवाचं बोट लाव, मग उघड." कोऱ्या पांढऱ्यावर काळी अक्षरं म्हणजे त्यांच्या लेखी दुःखाची बातमी.

मला त्या बोटाने विचारात पाडलं. एवढ्याशा लाल ठिपक्याने तीच फाईल आजींना चालणार होती. म्हणजे अडचण पांढऱ्याची नव्हती, एकट्या पांढऱ्याची होती. गुजराती नवरीची साडी, पानेतर, पांढरीच असते, पण तिला लाल काठ असतो. बंगाली बायका मंगलकार्याला पांढरी साडी लाल काठाची नेसतात. केरळची साडी मोतिया रंगाची, तिला जरीचा काठ. काळ्याचंही तसंच आहे. लग्नपत्रिकेत काळी शाई नको म्हणणाऱ्या घरातच मंगळसूत्राचे मणी काळे असतात. रंगाचा अर्थ तो किती आहे, कुठे आहे आणि शेजारी कोण आहे यावर ठरतो. आम्ही नुसती रंगाची नावं घेऊन बसलो होतो.

मग आम्ही नऊ नमुना पत्रं छापली, मजकूर एकच, रंगांच्या जोड्या वेगळ्या. ओळखीच्या घरांत नेली. "रंग आवडला का?" असं विचारलंच नाही, कारण त्यावर लोक भिडेखातर चांगलं बोलतात. "हे पत्र कशाचं वाटतं?" एवढंच विचारलं. घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि तरुणांना वेगवेगळं विचारलं, कारण एकत्र बसले की धाकटे गप्प होतात. केशरी, हिरवा आणि गडद निळा इथे अडले. मोठ्या पट्ट्यात आले की लोकांना धर्म, पक्ष किंवा चळवळ आठवायची. हिरव्या चुड्यातला हिरवा निराळा आणि फाईलभर हिरवा निराळा.

शेवटी मोतिया पार्श्वभूमीवर मोरपंखी अक्षरं ठरवली. सोनेरी अक्षरांचा मोह मला सुटत नव्हता, पण पांढऱ्या पडद्यावर #B8860B या सोनेरी रंगाचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर, जेमतेम 3.3 भरतो आणि बारीक मजकुराला किमान 4.5 लागतो. मोरपंखी #0B5563 मोतियावर 7 च्या पुढे जातो. आजींना चष्म्याविना वाचता यावं, हेही आमच्या कामातच येतं.

छपाईत मात्र फसलो. पडद्यावर निळसर दिसणारा मोरपंखी पिवळसर कागदावर चक्क हिरवा उतरला, कारण शाई पारदर्शक असते आणि खालचा कागद तिच्यात मिसळतो. जो हिरवा आम्ही टाळला होता तोच परत दारात. तेव्हापासून छपाईसाठी रंग निळ्याकडे थोडा सरकवून घेतो, आणि ज्या कागदावर काम आहे त्याच कागदावर प्रूफ काढून दिवसाच्या उजेडात बघितल्याशिवाय होकार देत नाही.

आणि आजींच्या बोटाची जागा आम्ही कायमची ठेवली. प्रत्येक फाईलच्या कडेला बोटभर रुंदीची पट्टी कोरी असते, तिचा रंग घर ठरवतं. पहिल्या बैठकीत दोन्हीकडच्यांना वेगवेगळं विचारतो : कोणता रंग हवाच, कोणता नकोच, आणि यात शेवटचा शब्द कुणाचा. जातीधर्मावरून अंदाज बांधत नाही, एकाच समाजातल्या दोन घरांनी उलट उत्तरं दिलेली आहेत. सध्या टेबलावर असलेल्या फाईलला दोन पट्ट्या आहेत. मुलाकडे बंगाली, त्यांचा लाल. मुलीकडे ख्रिस्ती, तिच्या आईला पांढरी हवी होती. मोतियावर पांढरी पट्टी दिसेना, म्हणून ती उठावाच्या छपाईत, बोटाला लागेल अशी केली आहे.