निरोपाचा मेल: चौथ्या मसुद्यानंतर

राजीनामा मंजूर झाला तेव्हा पोळा होऊन आठवडा झाला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका संस्थेत कापूस उत्पादकांसोबत मी सहा खरीप काढले. आमची टीम एकोणीस जणांची. निम्मे लोक गावागावांत फिरतीवर, त्यामुळे सगळ्यांना एकाच वेळी भेटून निरोप घेणं शक्य नव्हतं. म्हणून मेल.

पहिला मसुदा रात्री बसून लिहिला आणि तो दोन पानं झाला. त्यातला मोठा भाग बाबांच्या आजारपणाचा. अटॅक कधी आला, डॉक्टर काय म्हणाले, भाऊ बाहेरगावी असल्यामुळे मीच का जायला हवं, सगळं. सकाळी वाचलं तेव्हा जाणवलं की हे बाबांचं दुखणं आहे आणि ते एकोणीस जणांना सांगायची परवानगी मी त्यांना विचारलेली नाही. शिवाय ते वाचून प्रत्येक जण तब्येतीचीच चौकशी करणार, निरोप बाजूला राहणार. त्या सगळ्याच्या जागी एकच ओळ ठेवली: ‘घरच्या कारणाने अमरावतीला जात आहे.’ ज्या दोघी-तिघी जवळच्या होत्या त्यांना खरं कारण समोर बसून सांगितलं.

दुसऱ्या मसुद्यात सहा जणांची नावं घेऊन आभार मानले होते. सातव्याला काय वाटेल, हे नंतर लक्षात आलं. नावं काढली आणि त्यांच्या जागी कामं लिहिली. ‘चिखलात रुतलेली गाडी ढकलणारे’ म्हटलं की ज्याचं त्याला कळतं, आणि वगळलं गेल्याचं कोणाला वाटत नाही. पण कामं खरी आणि नेमकी हवीत. ‘तुम्ही सगळे खूप छान आहात’ हे वाक्य कोणत्याही ऑफिसात चाललं असतं, म्हणून ते ठेवलं नाही.

तिसरा मसुदा मला अगदी बिनचूक वाटला होता. पाठवण्याआधी तो हिशेब बघणाऱ्या काकूंना दाखवला. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं: ‘पुरेसं पाठबळ नसतानाही आपण एकमेकांच्या आधाराने काम केलं.’

“हे कोनाले लिवलं, पोरी?”

“कोणालाच नाही काकू. कौतुकच आहे ना ते.”

“नाव नाही घेतलं तू, पन वाचनाऱ्याले समजते. साहेबाले तर पहिले समजन.”

त्यांचं खरं होतं. मागच्या वर्षीच्या एका निर्णयाचा राग त्या वाक्यात लपून बसला होता. ‘असतानाही’, ‘तरीसुद्धा’, ‘निदान’ हे शब्द पुन्हा शोधले आणि जिथे दिसले ती वाक्यं काढून टाकली. ती तक्रार मी साहेबांशी शेवटच्या बैठकीत बोलले. तिची जागा तीच होती.

शेवटी मेल असा झाला:

‘विषय: निरोप – शुक्रवारी माझा शेवटचा दिवस

नमस्कार मंडळी,

येत्या शुक्रवारी ऑफिसातला माझा शेवटचा दिवस. घरच्या कारणाने अमरावतीला जात आहे.

गुलाबी बोंडअळीची डोमकळी कशी ओळखायची, आणि कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीचं बघायचं, हे मी तुमच्यासोबत शेतात उभी राहून शिकले. चिखलात रुतलेली गाडी ढकलणारे, माझी बिलं महिनाअखेरीला नीट लावून देणारे, फिरतीवरून उशीर झाला की डबा झाकून ठेवणारे, तुम्हा सगळ्यांची मी मनापासून आभारी आहे.

माझ्या गावांच्या नोंदी सोपवून झाल्या आहेत. शुक्रवारी संध्याकाळी हा मेल बंद होईल, फोन नंबर तोच राहील. अमरावतीला आलात तर घरी नक्की या.’

नोंदींचा तपशील यात घातला नाही. तो सोमवारीच, माझ्या जागी येणाऱ्या सहकाऱ्याला आणि साहेबांना वेगळ्या मेलने दिला होता. हा मेल मात्र बुधवारी सकाळी टीमच्या सामाईक पत्त्यावर टाकला. शुक्रवारी दुपारी पाठवला असता तर उत्तरं यायच्या आत माझं खातं बंद झालं असतं. फिरतीवरचे काही जण मेल उघडतच नाहीत, म्हणून एक छापील प्रत गुरुवारच्या बैठकीत काकूंनी वाचून दाखवली. वाचताना ‘डबा झाकून ठेवणारे’ वर त्या थांबल्या आणि चष्मा पुसून पुढे वाचू लागल्या. तो डबा त्याच ठेवायच्या.

त्या रात्री फिरतीवरच्या एका दादाचा मेसेज आला. त्यात निरोपाचं काही नव्हतं, माझ्या तीन गावांतल्या सापळ्यांत त्या दिवशी सापडलेल्या पतंगांचे आकडे होते: ‘पाच, चार, सात. लक्ष ठेवतो ताई.’