हजार अक्षरांच्या चौकटीत शिष्यवृत्तीचा अर्ज: माझा अनुभव

शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये बाकी रकाने भराभर भरून होतात. अडतं ते एकाच ठिकाणी: ‘ही शिष्यवृत्ती तुम्हाला का मिळावी?’ आणि खाली बारीक अक्षरात, कमाल १००० कॅरेक्टर्स. मुलांचे असे अर्ज मराठीतून भरून देताना पहिलं लक्षात येतं ते हे, की आपलं मोजणं आणि फॉर्मचं मोजणं एक नाही.

‘शिष्यवृत्ती’ आपल्याला चार अक्षरी वाटतो. फॉर्म तो ११ धरतो, कारण मूळ अक्षर, काना, वेलांटी, हलन्त आणि अनुस्वार यांचा प्रत्येकी एक हिशेब लागतो. ‘विद्यार्थी’चे १० होतात, ‘फी’चे मात्र २. मोकळी जागा आणि स्वल्पविरामही मोजले जातात. त्यामुळे हजारात मराठीचे साधारण दीडशे शब्द बसतात, जोडाक्षरं फार असली तर त्याहून कमी. मी मजकूर एक्सेलच्या एका खान्यात टाकून `=LEN(A1)` लावते, तो आकडा फॉर्मच्या काउंटरशी सहसा जुळतो.

पण काउंटर हिरवा असूनही सबमिट केल्यावर फॉर्म परत येतो, असंही होतं. त्याचं एक कारण एंटर. पानावर तो एक मोजला जातो, पण सर्व्हरकडे जाताना त्याचे दोन होतात. सहा ठिकाणी ओळ तोडली की सहा कॅरेक्टर जास्त. म्हणून मी परिच्छेद पाडतच नाही आणि मर्यादेच्या ३०-४० आधी थांबते. दुसरं कारण जास्त त्रासदायक आहे: काही जुन्या साइट आत बाइटमध्ये मोजतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे हजाराच्या चौकटीत पावणेचारशेच्या आसपासच मावतं. ओळखायचं असं, की इंग्रजीतली ९०० कॅरेक्टर्स बिनतक्रार जातात आणि मराठीतली ६०० अडतात. तिथे नुसती काटछाट पुरत नाही, अर्ज इंग्रजीत लिहावा किंवा मराठी मजकूर निम्म्याहून कमी करावा.

आता मजकुराकडे. ‘महोदय, मी आपणास नम्र विनंती करतो की’ यातच ३५ जातात. नाव, कॉलेज, वर्ष, टक्केवारी वरच्या रकान्यांत आलेलं असतं, ते पुन्हा लिहायचं कारण नाही. मग येते ती नेहमीची ओळ:

‘माझ्या कुटुंबाची आर्थिक परिस्थिती अत्यंत हलाखीची असल्याने मला आपल्या शिष्यवृत्तीची नितांत आवश्यकता आहे.’

ही १०३. हेच वाक्य छाननी करणाऱ्यासमोर ढिगाने येतं, आणि त्यातून त्याला एकही गोष्ट कळत नाही. त्याऐवजी:

‘वडील रोजंदारीवर, महिन्याला सुमारे ९ हजार, सत्राची फी १४ हजार.’

ही ६१. आता ‘हलाखी’ म्हणावं लागत नाही, वाचणारा स्वतःच वजाबाकी करतो. वाचलेल्या ४२ मध्ये ‘पहिल्या सत्राची फी उसनवारीने भरली’ एवढं बसतं. मात्र आकडा उत्पन्नाच्या दाखल्याशी जुळला पाहिजे. दाखल्यावर वर्षाचे ९० हजार आणि इथे महिन्याचे ९ हजार असले, तर अर्ज तिथेच संशयात जातो.

हजाराची वाटणी मी अशी करते: घरची स्थिती अडीचशेत, मुलाने स्वतः काय केलं ते चारशेत, पैसे नेमके कशाला लागणार ते अडीचशेत. उरलेले शंभर सुटे. मधल्या चारशेत मुलं गुणांची यादी देतात, आणि तीच जागा वाया जाते. गुणपत्रक जोडलेलंच असतं. ‘संध्याकाळी सहावी-सातवीच्या मुलांना गणित शिकवतो, त्यातून मेसचे पैसे निघतात’ हे मात्र कुठल्याच दाखल्यात नसतं. कापायचं तर आधी विशेषणं, मग ‘त्याचप्रमाणे’, ‘या अनुषंगाने’ असले सांधे, मग भविष्यातली देशसेवा. रकमा आणि कारणं शेवटपर्यंत राहू द्यायची. शब्द तोडून ‘कॉ.’, ‘शि.वृ.’ करणं टाळा, त्यातून वाचतं थोडं आणि मजकूर दुर्बोध होतो.

वर्डमधून पेस्ट करू नका. तिथली वळणदार अवतरणचिन्हं काही फॉर्म अवैध ठरवतात, आणि नोटपॅडमधून फिरवूनही ती तशीच राहतात, तेव्हा मजकूर नोटपॅडमध्येच टाइप करा. आणि पेस्ट केल्यावर शेवटची ओळ वाचा: मजकूर मर्यादेबाहेर गेला, तर बरेच फॉर्म काहीही न सांगता शेपूट छाटतात, आणि पैसे कशाला हवेत हे बहुधा तिथेच असतं. प्रिव्ह्यूच्या पीडीएफमध्येही तीच ओळ पुन्हा पाहा, तिथे ती पूर्ण असेल तरच अंतिम सबमिट दाबा.